न्यू ग्लारुस आणि जुनं क्लेमझिग

नकाशात 'न्यू'ने सुरू होणारं एखादं गाव दिसलं की आपल्या मनात एक चित्र आपोआप तयार होतं. दमूनभागून आलेली माणसं आहेत, समोर मोकळं माळरान आहे, आणि त्यांच्यातला एक म्हातारा डोळे पुसत म्हणतो आहे की या जागेला आपण आपल्या गावाचंच नाव देऊ. चित्र छान आहे, पण माझा त्यावर फारसा विश्वास नाही. अशा गावांचे कागद वाचायला घेतले की नाव ठेवण्याच्या वेळी हुरहूर क्वचितच सापडते. सापडतात ते पैशांचे हिशेब, जमिनीचे व्यवहार, कुणाला तरी खूश करण्याची निकड. हुरहूर नंतर येते, कधीकधी शंभर वर्षांनी, आणि जे निघाले होते त्यांना ती येतेच असं नाही. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना येते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं न्यू ग्लारुस हे गाव यासाठी मला फार आवडतं, कारण इथे नाव खरोखरच मूळ गावच्या लोकांनी आणलं. रेल्वे कंपनीने चिकटवलेलं नाही, कुण्या गव्हर्नरच्या मर्जीने पडलेलं नाही. तरीही गोष्ट वाटते तशी नाही.

ग्लारुस हा स्वित्झर्लंडमधला एक छोटा कँटन, म्हणजे प्रांत. लिंथ नदीचं अरुंद खोरं, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे डोंगर, आणि शेतीला जमीन अगदी बेताची. पोट भरायला लोकांनी घरोघरी सूत कातलं, कापड विणलं. पुढे यंत्रं आली आणि हातावर पोट असणाऱ्यांचं काम गेलं. १८४०च्या दशकात तिथल्या गावांपुढे साधा प्रश्न होता: गरिबांना दरवर्षी पोसायचं, की एकदाच खर्च करून त्यांना दूर पाठवायचं? गावांनी दुसरा पर्याय निवडला. त्यासाठी एक स्थलांतर संघ स्थापन झाला, गावांनी आपापल्या लोकांसाठी पैसे काढले आणि आधी दोन माणसं जमीन शोधायला पाठवली. निकोलस ड्युर्स्ट हे न्यायाधीश होते आणि फ्रिडोलिन स्ट्राइफ लोहार. मार्च १८४५मध्ये ते निघाले.

म्हणजे हे कुणा एका कुटुंबाचं परागंदा होणं नव्हतं. ग्लारुसने स्वतःची एक शाखा काढायला घेतली होती. शाखेला मूळ पेढीचं नाव मिळतं, त्यात डोळे पुसण्यासारखं काही नसतं.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. जमीन शोधायला गेलेल्यांचा निरोप येईपर्यंत थांबायचं, अशी साधी गोष्ट असायला हवी होती. पण लोक थांबले नाहीत. १६ एप्रिल १८४५ला १९३ माणसं, बायकामुलांसकट, निघाली. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं, कारण जमीन अजून घेतलेलीच नव्हती. ड्युर्स्ट आणि स्ट्राइफ अजून ओहायो, इलिनॉय, आयोवा असे प्रदेश पालथे घालत होते. नदीमार्गे समुद्रापर्यंत, तिथून जहाजाने बाल्टिमोर, मग डोंगर ओलांडून आणि पुन्हा नदीने सेंट लुईस, असा त्यांचा प्रवास झाला. सेंट लुईसला ते दोघे भेटतील अशी आशा होती, पण ते भेटले नाहीत. शेवटी या जथ्याने आपल्यातलीच माणसं पुढे शोधायला धाडली. तेव्हा कुठे कळलं की विस्कॉन्सिनच्या ग्रीन काउंटीत सरकारी दराने, एकरी सव्वा डॉलरने, १२०० एकर जमीन घेतली आहे. शिवाय लाकूडफाट्यासाठी ८० एकर रान. तो सौदा जुलैमधला. ऑगस्टमध्ये लोक तिथे पोचले तेव्हा १९३पैकी १०८ उरले होते. काही वाटेत वारले, आणि बरेचसे वाटेतल्या शहरांत काम मिळालं म्हणून तिथेच राहिले.

या चार महिन्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. या वसाहतीला जागा मिळण्याच्या आधीच तिची ओळख ठरलेली होती. राज्य ठरलं नव्हतं, नदी ठरली नव्हती, माती काळी असेल की लाल हेही माहीत नव्हतं. ती ग्लारुसच्या लोकांची असेल, एवढं मात्र पक्कं होतं. एरवी आपण आधी जागा बघतो, मग तिला नाव देतो. इथे नाव आधीपासूनच हातात होतं आणि ते टेकवायला जागा शोधली जात होती.

ही जागा रिकामी होती असं मात्र कुणी समजू नये. ती हो-चंक या मूळनिवासी लोकांची होती. सरकारने १८३२पर्यंत करार करकरून ती त्यांच्याकडून काढून घेतली, मोजणीदारांनी चौकोनांत कापली आणि मग विक्रीला मांडली. एकरी सव्वा डॉलर हा दर त्या कापाकापीनंतरचा आहे. 'न्यू' या शब्दात एक गृहीतक दडलेलं असतं की इथे आधी काही नव्हतं. स्थलांतरितांच्या गावनावांवर लिहिणारे पुष्कळ जण या ठिकाणी चटकन पुढे सरकतात. मीही इथे फार रेंगाळणार नाही, पण ज्याला कुणाला या नावात फक्त माया दिसते त्याने हा व्यवहारही त्याच नावाखाली मांडून ठेवावा.

जमीन २०-२० एकरांच्या तुकड्यांत वाटली गेली, चिठ्ठ्या टाकून. कुठला तुकडा कुणाला हे नशिबावर सोडलं, म्हणजे भांडणाला जागा नको. विणकरांच्या हाती शेती आली. डोंगर नव्हते, टेकड्या होत्या. सुरुवातीची वर्षं गव्हाची. पुढे गहू परवडेनासा झाला तेव्हा गाई आणि चीज. म्हणजे ज्या दुधदुभत्यासाठी हे गाव आज 'अस्सल स्विस' म्हणून ओळखलं जातं, ते त्यांनी आल्या आल्या मांडलं नव्हतं. गव्हाने दगा दिल्यावर ते तिकडे वळले. त्या भागात ज्या चीजचा गाजावाजा झाला त्यांत लिंबर्गर हे अग्रेसर होतं, आणि लिंबर्गरचं मूळ गाव आल्प्समध्ये नाहीच, ते आहे बेल्जियमच्या बाजूला. परंपरा म्हणून जे समोर येतं ते कधी सुरू झालं हे विचारायची सवय लावून घेतली तर अशा गमती सारख्या हाती लागतात.

आता या गोष्टीतला काळ जरा बारकाईने पाहू. ही माणसं १८४५मध्ये निघाली. आज आपण ज्याला स्वित्झर्लंड म्हणतो ते संघराज्य १८४८च्या घटनेने आकाराला आलं. त्याआधी कँटनांचा सैलसर संघ होता, आणि माणूस आधी आपल्या गावचा, मग कँटनचा. त्यामुळे त्यांनी वसाहतीला न्यू स्वित्झर्लंड म्हटलं नाही. ते ग्लारुसचे होते. 'स्विस' ते अमेरिकेत झाले, कारण तिथल्या शेजाऱ्यांना ग्लारुस म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, आणि तोवर मागे राहिलेल्या देशालाही एक नवं रूप आलं होतं. स्थलांतरितांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. घरी असताना माणूस एका खोऱ्याचा असतो, परदेशात गेल्यावर त्याला अख्ख्या देशाचं नाव अंगावर घ्यावं लागतं.

आणि मग मे १८६१ची ती रात्र. कँटनच्याच नावाच्या मूळ ग्लारुस शहराला आग लागली. आल्प्समध्ये फोन नावाचा एक कोरडा, उष्ण, झोताने येणारा वारा असतो. त्या वाऱ्यावर आग पसरली आणि सुमारे ६०० इमारती जळाल्या. शहराचा बहुतेक भाग गेला. पुन्हा बांधलं तेव्हा जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्या कुणी परत आणल्या नाहीत. सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे, एकसारख्या दगडी इमारती, असं नियोजनबद्ध शहर उभं केलं. आजही ग्लारुसमध्ये फिरणाऱ्याला या आखीवपणाचं नवल वाटतं. डोंगरांच्या कुशीत असं शहर अपेक्षित नसतं.

म्हणजे निघालेली माणसं ज्या ग्लारुसचं नाव घेऊन गेली ते शहर सोळा वर्षांत नाहीसं झालं. नाव राहिलं, नावाखालचं गाव बदललं. विस्कॉन्सिनमधल्या म्हातारीच्या आठवणीत जी गल्ली होती तिथे परत गेली असती तरी ती तिला सापडली नसती. स्थलांतरित माणूस मायदेश आठवतो तेव्हा तो एका तारखेचा मायदेश आठवतो, असं म्हणतात. ग्लारुसमध्ये तर त्या तारखेचा पुरावाच जळून गेला.

भाषेचंही काहीसं असंच झालं. न्यू ग्लारुसमध्ये ग्लारुसची बोली विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतरही बोलली जात होती, आणि भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करायला तिथे गेले. मूळ मुलखात बोली बदलत होती, शेजारच्या बोलींशी घासून गुळगुळीत होत होती. दूर गेलेल्यांकडे तिची काही जुनी वळणं टिकून राहिली, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजीतून उचललेले शब्द येऊन बसले.

इथवरच्या गोष्टीत लाकडी कोरीव गॅलऱ्या, खिडक्यांतल्या फुलांच्या कुंड्या, उतरत्या छपरांची 'शॅले' घरं कुठेच आलेली नाहीत, हे लक्षात आलं असेल. आज न्यू ग्लारुसचं चित्र पाहिलं तर त्याशिवाय काही दिसत नाही. ती आली कधी? १९१०मध्ये तिथे दूध आटवून डबाबंद करण्याचा कारखाना आला. गावाचं अर्थकारण त्याच्यावर चालायचं. १९६२मध्ये तो बंद पडला. गाई होत्या, दूध होतं, पण हमखास गिऱ्हाईक गेलं. आता काय विकायचं? गावाकडे विकण्यासारखी एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्याचं नाव. दुकानांच्या दर्शनी भिंतींना स्विस रूप चढवायला सुरुवात झाली ती या सुमारास, पर्यटकांसाठी. पुढे मुख्य बाजारपेठेत बांधकाम करायचं तर ते स्विस धाटणीचंच हवं असा नियमही गावाने केला.

याला ढोंग म्हणून हसणं सोपं आहे, आणि हसणारे पुष्कळ आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. एक तर हे करणाऱ्यांत त्याच १०८ जणांचे वंशज होते. दुसरं म्हणजे कारखाना बंद पडायच्या कितीतरी आधी, १९३८पासून, गावकरी दरवर्षी विल्हेल्म टेलचं नाटक उघड्यावर करत आले आहेत, खऱ्या गाईगुरांसकट. तिथे पैशाच्या आधी हौस होती. फक्त एवढंच की टेलची दंतकथा उरी कँटनची, ग्लारुसची नाही. १८४५च्या ग्लारुसकराला आपल्या गावाचं प्रतीक म्हणून उरीचा धनुर्धर उभा केलेला पाहून काय वाटलं असतं कुणास ठाऊक. पण तोवर ते सगळे 'स्विस' झाले होते, आणि स्विस म्हटल्यावर टेल आलाच. खोऱ्याचं नाव पाटीवर राहिलं आणि त्याच्याखाली अख्ख्या देशाची जत्रा भरली.

हे झालं जिथे नाव खरोखर त्या मुलखातल्या माणसांनी आणलं त्या गावाचं. पण जगाच्या नकाशावर अशी नावं कमीच. बाकीची बहुतेक कुणीतरी दुसऱ्याने दिलेली असतात. उत्तर डकोटाची राजधानी बिस्मार्क हे त्याचं सगळ्यात उघड उदाहरण. गावाचं आधीचं नाव एडविंटन, एका रेल्वे अभियंत्याच्या नावावरून. १८७३मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने ते बदलून जर्मन चॅन्सलरचं नाव दिलं. हेतू हा की जर्मन भांडवल यावं आणि जर्मन वसाहतकरीही. नाव ठेवताना डोळ्यासमोर अजून न आलेली माणसं होती. ज्या गृहस्थाला परत जायची ओढ लागली असेल असा कुणी तिथे अजून उतरलाच नव्हता. इलिनॉयमध्ये दोन मोठ्या नद्यांच्या संगमावर कैरो आहे, तिथेही इजिप्तहून कुणी आलं नव्हतं. सुपीक गाळाच्या जमिनीवरून कुणाला तरी नाईल आठवली, एवढंच.

अशा नावांची एक खूण हाताशी ठेवण्यासारखी आहे, उच्चार. इलिनॉयच्या कैरोला स्थानिक लोक 'केरो' म्हणतात, केंटकीतल्या व्हर्सायला 'व्हर्सेल्स'. नाव जर तोंडातून तोंडात आलं असेल तर आईवडिलांचा उच्चार निदान एकदोन पिढ्या तरी टिकतो. कागदावरून उचललं असेल तर लोक ते जसं लिहिलंय तसं वाचतात. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही, कारण खरे वंशजही दोन पिढ्यांत उच्चार विसरतात, पण पहिला अंदाज बांधायला ती पुरते. नंतर मात्र साल आणि नाव ठेवणाऱ्याचा धंदा शोधावाच लागतो.

कॅनडातल्या ऑन्टारियोमधलं बर्लिन या दोन टोकांच्या मधलं आहे, आणि म्हणून जास्त गुंतागुंतीचं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे पहिले वसाहतकरी आले ते मेनोनाइट पंथाचे, पेनसिल्व्हेनियातून आलेले. जर्मन बोलत होते, पण त्यांचे पूर्वज स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइनकाठचे; कित्येक पिढ्यांपूर्वी अमेरिकेत आलेले. बर्लिन शहराशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. १८३०च्या दशकात थेट जर्मन मुलखातून कारागीर येऊ लागले आणि त्या नव्या लोकांच्या मानाखातर गावाला बर्लिन म्हणायला लागले. ते तरी बर्लिनचे होते का? त्यांतले बरेचसे दक्षिण आणि पश्चिम जर्मनीतल्या लहान राज्यांतले. जर्मनी नावाचा एकसंध देश तेव्हा नव्हता, तो झाला १८७१मध्ये. एका शहराचं नाव सगळ्यांसाठी घेतलं, कारण ते सगळ्यांना ओळखीचं होतं. मला वाटतं, या नावात शिष्टाचार जास्त होता आणि गावाची ओढ कमी.

तरीही हे नाव अंगवळणी पडलं. शहर वाढलं, फर्निचर, बटणं, जोडे, रबरी माल बनवायला लागलं, आणि 'बर्लिनमध्ये बनलेलं' हा शिक्का अभिमानाने मारला जायचा. बागेत कैसर विल्हेल्म पहिला याचा अर्धपुतळा होता. १९१४च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि काही दिवसांतच कुणीतरी तो पुतळा उखडून बागेतल्या तळ्यात टाकला. मग तो बाहेर काढून एका जर्मन क्लबात ठेवला गेला. १९१६च्या फेब्रुवारीत स्थानिक पलटणीच्या सैनिकांनी तो क्लब फोडला आणि पुतळा रस्त्यातून ओढत नेला.

पुढची आकडेवारी बघण्यासारखी आहे. नाव बदलायचं का, यावर मे १९१६मध्ये मतदान झालं. बदलाच्या बाजूने १५६९ मतं पडली, विरोधात १४८८. फरक ८१ मतांचा. नाव बदलण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत कारखानदार आणि व्यापारी पुढे होते. देशभक्तीचा आव होताच, पण 'बर्लिन' छापलेला माल आता कोण घेणार ही भीती जास्त खरी होती. जून महिन्यात नवं नाव निवडण्यासाठी पुन्हा मतदान झालं आणि त्याला फक्त ८९२ लोक आले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर जहाज बुडून मरण पावले होते. त्यांचं नाव ३४६ मतांनी पहिलं आलं. १ सप्टेंबरपासून शहर किचनर झालं.

मला या ८९२ आकड्याबद्दल जास्त कुतूहल आहे. दोन महिन्यांच्या आत तीन हजारांवरून नऊशेच्या आत. बाकीचे दोन हजार लोक घरी बसले, किंवा त्यांनी बसणंच बरं असं मानलं. आपल्या गावाचं नवं नाव निवडायला लोक जात नाहीत तेव्हा ते काहीतरी सांगत असतात. बर्लिन हे नाव ज्यांच्यासाठी ठेवलं ते बर्लिनचे नव्हते, आणि तरी ते गेल्यावर लोकांना चुकचुकल्यासारखं झालं, कारण तोवर ते *त्यांचं* बर्लिन होतं. ऐंशीएक वर्षं तिथे जन्मलेली, शाळेत गेलेली, मेलेली माणसं होती. ज्या गावची ओढ त्यांना लागली ते युरोपात नव्हतंच, ते ऑन्टारियोतच होतं.

पुढे १९६९मध्ये किचनरमध्ये ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला आणि आता तो जर्मनीबाहेरच्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो. ऑक्टोबरफेस्ट म्युनिकचा, बव्हेरियाचा. मेनोनाइटांचे पूर्वज तिथलेही नव्हते. ब्रिटिश सेनानीच्या नावाचं कॅनेडियन शहर बव्हेरियन टोप्या घालून बिअर पितं, आणि त्याला जर्मन वारसा म्हणतं. न्यू ग्लारुसचा टेल आणि किचनरचं बिअरचं पिंप, दोन्ही एकाच युक्तीने आलेले आहेत: आपल्या खऱ्या खोऱ्याची आठवण पुसट झाली की देशातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट उचलायची.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेमझिगची गोष्ट याच्याही पुढची आहे. प्रशियाच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड पंथांची जबरदस्तीने एकी केली, तेव्हा काही जुन्या वळणाच्या लुथरनांनी ती मानली नाही. क्लेमझिग नावाच्या गावचे पाद्री ऑगस्ट काव्हेल लंडनला गेले, तिथे जॉर्ज फाइफ अँगस या धनिकाने त्यांच्या लोकांना दक्षिण ऑस्ट्रेलियाला न्यायला पैसे उसने दिले. १८३८च्या नोव्हेंबरात ते पोचले आणि अॅडलेडजवळ टॉरेन्स नदीकाठी अँगसच्याच जमिनीवर राहिले. तिथले मूळनिवासी कौर्ना लोक त्या नदीला करविर्रा पारी म्हणत आले होते. या वस्तीला त्यांनी क्लेमझिग म्हटलं. इथे नावाला घराची ओढ होती असं मी बिनदिक्कत मानतो. अख्खी मंडळी आपल्या पाद्र्यासह आली होती आणि परत जायची वाट धर्मामुळे बंद होती. पण जमीन खंडाची होती, स्वतःची नव्हती. काही वर्षांत बहुतेक कुटुंबं चांगल्या जमिनीच्या शोधात पुढे निघून गेली. माणसं गेली, नाव मागे राहिलं.

पहिल्या महायुद्धात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने कायदा करून ६९ जर्मन स्थळनावं बदलली. क्लेमझिगचं गाझा झालं, कारण पॅलेस्टाइनच्या आघाडीवर ब्रिटिश फौजांनी नुकतंच गाझा जिंकलं होतं. १९३५मध्ये क्लेमझिगला त्याचं जुनं नाव परत मिळालं. आणि दहाच वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, मूळ क्लेमझिग पोलंडमध्ये गेलं. तिथल्या जर्मनांना जावं लागलं, नवे लोक आले, आणि आज त्या गावाचं नाव क्लेम्प्स्क आहे. आज क्लेमझिग हे नाव चालू पत्त्यात लिहायचं तर ते अॅडलेडच्या एका उपनगराच्याच पत्त्यात लिहिता येतं.

त्या उपनगरात आता जर्मन फारसं काही नाही. नदीकाठाने सिमेंटच्या रुळांवरून बस धावते, तिला ओ-बान म्हणतात. तंत्र जर्मनीतून आणलेलं, पण ते १९८०च्या दशकात अभियंत्यांनी गर्दीचा प्रश्न सोडवायला आणलं, काव्हेलच्या आठवणीसाठी नाही. या मार्गावर क्लेमझिग हे स्थानक आहे. उपनगराचा स्वतःचा एक फुटबॉल क्लब आहे, आणि त्या क्लबाने १९३५च्या निर्णयाकडे कधी लक्ष दिलेलं नाही. तो अजूनही गाझा फुटबॉल क्लब म्हणूनच खेळतो.